‘यान्तु देवगणाः’: घरच्या गणपतीची रोजची पूजा आणि उत्तरपूजा

गणपती पाण्यात गेला की विसर्जन झाले, असे आपण सहज म्हणतो. पूजेच्या शास्त्राप्रमाणे मात्र पाण्याकडे निघण्यापूर्वी, घरातच, मखरासमोर उभे राहून एक श्लोक म्हणत मूर्तीवर अक्षता वाहतात, त्या क्षणी विसर्जन होते. पाण्यात जाते ती माती. हा श्लोक घाईत उरकला जातो किंवा राहूनच जातो. त्याच्याकडे पोहोचण्यासाठी आधीचे दिवस पाहिले पाहिजेत, कारण हा निरोप पहिल्या दिवशी जे केले त्याचेच उत्तर आहे.

भाद्रपद शुद्ध चतुर्थीला मध्यान्हाच्या सुमारास आपण मूर्तीची प्राणप्रतिष्ठा करतो. मूर्तीच्या हृदयाला हात किंवा दूर्वा लावून ‘अस्यै प्राणाः प्रतिष्ठन्तु, अस्यै प्राणाः क्षरन्तु च’ असे म्हणतो, म्हणजे या मूर्तीत प्राण स्थिर होवोत, वाहते होवोत. दूर्वेच्या टोकाने डोळ्यांना तूप लावतो आणि मग षोडशोपचार पूजा करतो. त्या सोळा उपचारांतला पहिला उपचार आवाहनाचा आहे. त्याआधी कलशात वरुणाला बोलावलेले असते, शंख आणि घंटा यांची पूजा झालेली असते. म्हणजे त्या दिवशी घरात गणपती एकटा आलेला नसतो. श्लोकातल्या ‘देवगणाः’ या अनेकवचनाचा अर्थ मला इथे लागतो.

दुसऱ्या दिवसापासून हे आवाहन करायचे नसते. घरोघरच्या पोथीत चतुर्थीची संपूर्ण पूजा छापलेली असते आणि पुष्कळ यजमान रोज सकाळी तीच पहिल्या पानापासून वाचतात. प्राणप्रतिष्ठाही पुन्हा करतात. पण जो घरात बसलेला आहे, त्याला दारातून ‘या’ म्हणायचे कारण नाही. दुसऱ्या दिवशी आचमन करावे, संकल्पात त्या दिवसाची तिथी आणि वार म्हणावा, आवाहनाच्या जागी ध्यानाचा श्लोक म्हणून अक्षता वाहाव्यात आणि पंचोपचार पूजा करावी. गंध, फुले, धूप, दीप आणि नैवेद्य एवढे रोज मनापासून झाले, की पूजा पूर्ण झाली.

स्नानाच्या बाबतीतही हीच काळजी घ्यावी लागते. शाडूची मूर्ती पाणी शोषते. दूर्वेची जुडी पाण्यात बुडवून लांबून एकदा शिंपडली तरी उपचार होतो. त्याहून अधिक पाणी झाले तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी पितांबराच्या काठाचा रंग ओघळू लागतो आणि हार काढताना बोटांना लागतो. अथर्वशीर्षाची आवर्तने करून अभिषेक करायचा असेल, तर ताम्हनात चांदीचा गणपती किंवा सुपारी ठेवून त्यावर करावा. एकवीस आवर्तने केली तरी फलश्रुती दरवेळी म्हणत नाहीत, ती शेवटच्या आवर्तनानंतर एकदाच म्हणतात.

संध्याकाळी आरती होते, मंत्रपुष्पांजली होते. आरतीत उच्चार चुकतात, ‘संकटी पावावे’चे ‘संकष्टी पावावे’ होते. ते मुलांना समजावून सांगावे, पण त्यासाठी आरती थांबवू नये. रोजच्या पूजेच्या शेवटी जी क्षमाप्रार्थना म्हणतो, ती याचसाठी आहे. ‘आवाहनं न जानामि न जानामि विसर्जनम्’: मला बोलावणेही येत नाही आणि पाठवणेही येत नाही. निरोपाचा शब्द असा रोज एकदा, अजाणतेपणाची कबुली म्हणून, आपल्या तोंडी येतच असतो.

आता उत्तरपूजा. दीड दिवसाचा गणपती असो, गौरींबरोबर जाणारा असो की अनंत चतुर्दशीला जाणारा दहा दिवसांचा असो, तिची रीत तीच आहे. आचमन आणि संकल्प होतो, मग पंचोपचार पूजा, नैवेद्य आणि आरती. नैवेद्याला बऱ्याच घरी दहीपोहे किंवा दहीभात असतो. त्यानंतर यजमान हातात अक्षता घेऊन म्हणतात:

यान्तु देवगणाः सर्वे पूजामादाय पार्थिवीम् ।
इष्टकामप्रसिद्ध्यर्थं पुनरागमनाय च ॥

मग अक्षता मूर्तीवर वाहतात आणि मूर्ती जागची किंचित हलवतात. दहा दिवस त्या पाटाला कोणी धक्का लागू दिलेला नसतो. त्यामुळे पाट सरकताना जमिनीवर जो खरखर आवाज होतो, तो आमच्या घरात सगळ्यांना ऐकू जातो आणि बोलणी आपोआप थांबतात. हातावर दही देतात, सोबत शिदोरी बांधतात.

श्लोकातला प्रत्येक शब्द पाहण्यासारखा आहे. ‘यान्तु’ म्हणजे जावोत. ‘पूजाम् आदाय’ म्हणजे पूजा घेऊन. देव रिकाम्या हाताने जात नाहीत, दहा दिवसांत आम्ही जे केले ते बरोबर नेतात. कोणती पूजा? ‘पार्थिवी’, मातीच्या मूर्तीला केलेली. काही पोथ्यांत इथे ‘मामकीम्’ असा पाठ आहे, म्हणजे माझी. दोन्ही पाठ चालतात, पण मला ‘पार्थिवीम्’ अधिक जवळचा वाटतो, कारण मूर्ती मातीचीच का आणि ती विरघळायची का, हे त्या एका शब्दात आले आहे. प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती पाण्यात तशी विरघळत नाही, आणि म्हणून हा शब्द तिच्यापुढे म्हणताना अडखळायला होते. शेवटी ‘पुनरागमनाय च’, पुन्हा येण्यासाठी. आपल्याकडे घरातून निघताना ‘जातो’ म्हणत नाहीत, ‘येतो’ म्हणतात. देवालाही आपण त्याच रीतीने पाठवतो.

एका वर्षी आमच्याकडे काय झाले ते सांगतो. अनंत चतुर्दशीला गुरुजींना बरीच घरे होती, म्हणून ते सकाळी नऊलाच आले, उत्तरपूजा सांगून, अक्षता वाहायला लावून निघून गेले. मूर्ती निघायची होती संध्याकाळी पाचला. दुपारी शेजारच्या वहिनी एकवीस मोदकांचा नैवेद्य घेऊन आल्या आणि आई ताट हातात धरून उभीच राहिली. नैवेद्य दाखवायचा तो कोणाला? शेवटी तिने ताट देवघरातल्या गणपतीपुढे ठेवले, आणि तेच बरोबर होते. पण ते आठ तास घर ओकेबोके झाले होते; समोर मूर्ती होती, तरी येणाऱ्यांनी हात जोडले की आम्हाला काय वाटावे ते कळेना.

पुढच्या वर्षापासून आम्ही सकाळी फक्त रोजची पूजा करतो. संध्याकाळी मूर्ती उचलण्याच्या वेळी घरातलेच कोणीतरी उत्तरपूजा करून तो श्लोक म्हणते. दोन ओळी आहेत, पाठ व्हायला एक संध्याकाळ पुरते. श्लोक म्हटल्यावर मूर्ती फार वेळ घरात ठेवू नये. तिला तलावावर न्या, पालिकेच्या कृत्रिम हौदावर न्या किंवा अंगणात बादलीत सोडा, निरोप घरीच देऊन झालेला असतो. परदेशात राहणाऱ्या आमच्या नातेवाइकांना जवळ नदी नाही. ते बादलीतच विसर्जन करतात आणि माती निवळल्यावर कुंडीत घालतात.

पाण्यावरून परतताना आम्ही तिथली मूठभर वाळू त्याच पाटावर घेऊन येतो. घरी आल्यावर पाट रिकाम्या मखरात ठेवतो, वाळूला हळदकुंकू वाहतो आणि दिवा लावून एक आरती म्हणतो. सकाळी ती वाळू तुळशीत घालतो आणि पाट धुऊन उन्हात ठेवतो.