पोस्टरखालची बारीक ओळ

नमस्कार, श्रोतेहो.

तिकिटाच्या ॲपवर एखादा चित्रपट उघडला, की पोस्टरच्या खाली बारीक अक्षरांत एक ओळ असते. 2 तास 41 मिनिटं, मग प्रकार, मग यूए 13+, मग तीनचार भाषांची नावं. त्याच्या शेजारी किती जणांना चित्रपट आवडला, तो आकडा मात्र ठळक, चांगला डोळ्यांत भरेल असा. माझ्या मते हे उलट हवं होतं. चित्रपट लोकांना आवडला की नाही, यावर आपल्याला दारातून आत सोडणार की नाही हे ठरत नाही. ते ठरतं त्या बारीक ओळीतल्या एका अक्षरावर.

आज त्या ओळीबद्दलच बोलू. त्यासाठी एक घर डोळ्यांसमोर धरू या. आईवडील, आजी, सतरा वर्षांची मुलगी आणि बारा वर्षांचा मुलगा. पाच जागा काढायच्या आहेत, संध्याकाळी 6 वाजून 40 मिनिटांचा खेळ पाहून ठेवला आहे, आणि दोन चित्रपटांपैकी कोणता, हे ठरायचं आहे. एकाचं प्रमाणपत्र यूए 16+ आहे, दुसऱ्याचं ए.

बहुतेक घरांत हिशोब असा होतो: मुलगा बारा वर्षांचा, म्हणजे 16+ त्याला चालणार नाही, पहिला चित्रपट बाद. आणि ए असला तरी मुलगी आता सतराची आहे, सोबत आम्ही आहोतच, सोडतील. कायद्यात हे दोन्ही बरोबर उलटं आहे.

प्रमाणपत्र देतं ते केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळ. 1983 मध्ये त्याच्या नावातून सेन्सॉर हा शब्द गेला, आपल्या तोंडून अजून गेलेला नाही. त्याच वर्षी यूए हा वर्ग आला. त्याआधी सगळ्यांसाठी यू आणि प्रौढांसाठी ए एवढेच दोन होते. यूए म्हणजे सगळ्यांना खुला, पण बारा वर्षांखालच्या मुलांना पालकांच्या मार्गदर्शनाने. चाळीस वर्षं हे असंच चाललं. साडेपाच वर्षांचं पोर आणि साडेअकरा वर्षांचा मुलगा यांना एकाच खणात टाकणारा हा वर्ग फार ढोबळ होता. 2023 मध्ये सिनेमॅटोग्राफ कायद्यात दुरुस्ती झाली, 2024 च्या मार्चमध्ये नवे नियम आले, आणि यूएचे तीन भाग झाले: 7+, 13+ आणि 16+.

आता महत्त्वाचं. यूएच्या पुढचा हा वयाचा आकडा पालकांसाठी आहे, थिएटरसाठी नाही. तो पाहून आपल्या मुलाला न्यायचं की नाही, हे आईवडिलांनी ठरवायचं. कायद्यातच म्हटलं आहे, की ही वयाची खूण पालकांखेरीज इतर कोणी लागू करायची नाही. म्हणजे आपल्या घरातला बारा वर्षांचा मुलगा आईवडिलांसोबत यूए 16+ चित्रपटाला जाऊ शकतो. न्यावं की नाही, हा प्रश्न वेगळा. आकडा 16 आहे, म्हणजे त्यात हिंसा, भीती, शिव्या किंवा विषय असा काही आहे, की मंडळाला तेरा वर्षांची पायरीही कमी वाटली. चार वर्षांचं अंतर पुष्कळ झालं. अशा वेळी ट्रेलर पाहून अंदाज बांधू नका. ट्रेलर वेगळा तपासला जातो आणि तो बहुतेकदा मुद्दाम जास्तीत जास्त लोकांना दाखवता येईल असा कापलेला असतो. चित्रपट आधी पाहिलेल्या ओळखीच्या कोणाला तरी, शक्यतो मुलं असलेल्या माणसाला, दोन वाक्यांत विचारणं जास्त उपयोगाचं.

ए चं तसं नाही. ए म्हणजे अठरा पूर्ण झालेल्यांसाठी, बस. सोबत आई असो, वडील असोत, सतरा वर्षं अकरा महिने झालेले असोत, प्रवेश नाही. इथे जबाबदारी पालकांची नसून चित्रपट दाखवणाऱ्याची आहे, आणि अल्पवयीन प्रेक्षकाला आत सोडलं तर कायद्याचा बडगा त्याच्यावर पडतो. म्हणून दारावरचा माणूस ओळखपत्र मागतो आणि विनंतीला बधत नाही. ए चित्रपटाचं तिकीट काढताना ॲपवर मध्येच एक चौकट उघडते. अठराखालील व्यक्तीला प्रवेश नाही, वयाचा पुरावा जवळ ठेवा, प्रवेश नाकारल्यास पैसे परत नाहीत, अशा अर्थाचं तिच्यात लिहिलेलं असतं. आपण ती न वाचता मान्य करतो, कारण मनात भीती असते की तेवढ्यात मधल्या रांगेतल्या जागा जातील. आपल्या घराचं उत्तर तिथेच ठरलं. ए चित्रपट बाद, आणि तो बाद करायचं कारण बारा वर्षांचा मुलगा जितका, तितकीच सतरा वर्षांची मुलगी.

जाता जाता आणखी एक. जुना चित्रपट पुन्हा लागला असेल, तर त्यापुढे नुसतं यूए दिसू शकतं, आकडा नसतो. ते जुन्या पद्धतीचं प्रमाणपत्र. आणि ॲनिमेशन म्हणजे लहान मुलांचं, हेही धरून चालू नका. चित्रं हलती असली तरी प्रमाणपत्र यूए 13+ किंवा त्याच्याही वरचं असू शकतं.

आता भाषा. आपल्या उदाहरणातला यूए 16+ चित्रपट मुळात तमिळ आहे असं समजू. ॲपच्या ओळीत तमिळ, हिंदी, तेलुगू अशी नावं आहेत. ही नावं चित्रपटाच्या पानावरची आहेत, आपल्या तिकिटावरची नाहीत. आपल्याला मिळणारी भाषा पुढच्या पायरीवर ठरते: भाषा आणि पडद्याचा प्रकार निवडा असं विचारलं जातं, हिंदी टूडी, तमिळ टूडी, हिंदी आयमॅक्स असं. घोटाळा होतो तो इथे. 6:40 चा हिंदी खेळ भरत आला आहे असं दिसतं, आपण मागे जाऊन 6:50 चा निवडतो, आणि तो तमिळ असतो. जागा भरपूर रिकाम्या का आहेत, हे तेव्हा लक्षात येत नाही. म्हणून वेळ बदलली की भाषा पुन्हा वाचायची.

आजीला हिंदी कळतं, तमिळ कळत नाही. मुलीला मात्र मूळ आवाजातच पाहायचं आहे. नटाचा स्वतःचा आवाज ऐकण्यात मजा आहे, हे तिचं म्हणणं खरंच आहे. पण मग खाली ओळी हव्यात, म्हणजे सबटायटल्स. ती आहेत की नाहीत, हे चित्रपटाच्या पानावर सहसा नसतं. असलंच तर वेळेच्या चौकोनाखाली, अगदी लहान अक्षरांत. आणि ती बहुतेक वेळा इंग्रजीत असतात. एकाच चित्रपटाच्या एका खेळाला ती असतात आणि दुसऱ्याला नसतात, असंही होतं. काही लिहिलेलं नसेल तर नाहीत असंच धरावं, किंवा थिएटरला फोन करून विचारावं. आजी सोबत असताना प्रश्नच उरत नाही. भराभर पुढे जाणाऱ्या इंग्रजी ओळी वाचत अडीच तास काढणं ही तिच्यासाठी करमणूक नाही. हिंदी खेळ घ्यायचा आणि मुलीने मूळ आवाजातला चित्रपट मैत्रिणींसोबत पाहायचा.

एक बारकावा इथे प्रमाणपत्राला येऊन मिळतो. प्रत्येक भाषेतल्या आवृत्तीला वेगळं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. डब केलेला हिंदी चित्रपट मंडळाच्या दृष्टीने मूळ तमिळ चित्रपटाहून वेगळा अर्ज असतो. त्यामुळे दोन आवृत्त्यांची लांबी थोडी वेगळी असू शकते, कापलेली दृश्यं वेगळी असू शकतात, क्वचित वर्गही वेगळा पडू शकतो. ॲपवर मात्र पानाच्या माथ्यावर एकच आकडा आणि एकच वर्ग दिसतो. आपण निवडलेल्या भाषेचा वर्ग पैसे भरण्याआधीच्या पानावर पुन्हा दिसत असेल, तर खरा मानायचा तो.

राहिली लांबी. 2 तास 41 मिनिटं हा चित्रपटाचा वेळ आहे, आपल्या संध्याकाळचा नव्हे. त्यात जाहिराती नाहीत, ट्रेलर नाहीत, मध्यंतर नाही. 6:40 ही वेळ खेळाची आहे, चित्रपटाची पहिली चौकट तेव्हा येत नाही. आधी साधारण पंधरा मिनिटं जाहिराती आणि ट्रेलर धरा, मध्यंतराला आणखी पंधरा. 6:40 मध्ये 2 तास 41 मिनिटं मिळवली की 9:21, त्यात हा अर्धा तास घातला की 9:51. म्हणजे आजीच्या रात्रीच्या गोळ्या सोबत घ्यायच्या आणि परतीचं वाहन दहा वाजता सांगायचं. नुसत्या 9:21 वर विसंबलेला माणूस शेवटच्या प्रसंगात मोबाइल चाळत बसतो, आणि शेजारच्यांना तो प्रकाश सहन करावा लागतो.

हा आकडा खरा आहे का, हे ताडून पाहायची एक सोपी युक्ती आहे. एकच पडदा असलेल्या थिएटरात तोच चित्रपट लागला असेल, तर लागोपाठच्या दोन खेळांमधलं अंतर पाहा. 6:40 नंतरचा खेळ 10:15 ला असेल, तर अंतर 3 तास 35 मिनिटांचं झालं. त्यातून आपले 3 तास 11 मिनिटं वजा केले की चोवीस मिनिटं उरतात, म्हणजे लोक बाहेर पडून झाडलोट होण्याइतका वेळ. हिशोब जुळला. तेच अंतर 2 तास 50 मिनिटं दिसलं, तर 2 तास 41 मिनिटांचा चित्रपट त्यात मध्यंतरासह बसणारच नाही. मग ॲपवरचा आकडा जुना असण्याची शक्यता जास्त. बहुपडदा थिएटरात मात्र ही युक्ती चालत नाही, कारण तिथे वेगवेगळ्या पडद्यांवरचे खेळ एकाच यादीत मिसळलेले असतात.

आकडा जुना का होतो? आगाऊ नोंदणी कधीकधी प्रमाणपत्र हाती येण्याआधीच सुरू होते. तेव्हा लांबी अंदाजाने टाकलेली असते आणि वर्गाची जागा रिकामी असते. नंतर मंडळ काही दृश्यं कापायला सांगतं, कधी निर्माता प्रदर्शनानंतर स्वतःच चित्रपट आटोपशीर करतो. वर्गाची जागा रिकामी दिसली आणि घरात अठराखालचं कोणी असेल, तर जागा धरू नका. प्रमाणपत्र आलं आणि ते ए निघालं, तर तिकीट रद्द करायची मुदत आहे का, खेळाच्या किती तास आधीपर्यंत आहे, आणि कापून किती पैसे परत मिळतात, हे त्या त्या थिएटरवर अवलंबून असतं. काही ठिकाणी रद्द करायची सोयच नसते. ही माहिती पैसे भरण्याच्या पानावर, एकूण रकमेच्या आसपास कुठेतरी असते. आपल्या पाच जणांसाठी त्या पानावर तीन गोष्टी दिसायला हव्यात: हिंदी, यूए 16+ आणि 6:40. तिन्ही तिथे आहेत, तर भरा पैसे.

नमस्कार.