चाक, ताक आणि डी-एसर

हल्ली माझ्याकडे निवेदनाच्या ज्या फाइली येतात, त्यातल्या निम्म्यांत तक्रार एकच असते: ‘स’ कानात टोचतो. आणि त्यावर डी-एसर, म्हणजे ‘स’ची टोच आपोआप दाबणारं साधन, लावून आलेल्या फाइलींत दुसरीच तक्रार असते, की बाई बोबड्या बोलतायत.

मागे एका बाईंनी केलेलं कथेचं वाचन आलं होतं. वाक्य होतं, ‘सासूबाईंनी सकाळीच सगळं सांगून टाकलं.’ चार शब्द ‘स’ने सुरू होणारे, त्यात ‘सासू’त दोन. आधी काम करणाऱ्याने डी-एसरला बारा डेसिबलपर्यंत दाबायची मुभा दिली होती. टोचणं गेलं खरं, पण ‘साप’ म्हटलं की ‘थाप’ची शंका यायची. आणि पुढच्या परिच्छेदातलं बैलगाडीचं ‘चाक’ जवळजवळ ‘ताक’ झालं होतं. आपला दंत्य ‘च’ म्हणजे ‘त’सारखा स्फोट आणि मागोमाग ‘स’सारखी घासण. डी-एसरने ती घासण खाल्ली की उरतो ‘त’. बाहेरच्या प्रीसेटला हे कुठून कळणार!

मी सगळं काढून पुन्हा बसलो. डी-एसरमध्ये लिसनचं बटण असतं, त्यातून तो नेमकं काय हेरतो ते ऐकू येतं. तो ज्या वारंवारतांवर काम करतो तो पट्टा वरखाली फिरवला, तेव्हा या बाईंचा ‘स’ सात किलोहर्ट्झच्या आसपास सर्वांत बोचरा लागला. ‘श’ बराच खाली असतो, म्हणून पट्टा चार-पाच किलोहर्ट्झपर्यंत पसरवला असता तर ‘शाल’ही मळकट झाली असती. दाबण्याची कमाल मर्यादा पाच डेसिबलवर आणली. मग थ्रेशोल्ड, म्हणजे ज्या पातळीच्या वर तो दाबायला लागतो ती, हळूहळू उतरवला, साध्या ‘स’ला मीटर जेमतेम हलेल आणि बोचऱ्याला तीन-चार डेसिबल कमी होतील, इथपर्यंत. काही डी-एसरमध्ये फक्त काढलेला आवाजही ऐकता येतो. त्यात नुसतं ‘स्स, स्स’ ऐकू यायला हवं. स्वर ऐकू आला, तर थ्रेशोल्ड फार खाली गेलाय किंवा पट्टा फार रुंद आहे.

तरी ‘सगळं’चा ‘स’ टोचतच होता. त्याच्यासाठी सगळ्यांवरचा दाब वाढवणं ही आळशी माणसाची रीत. मी तेवढाच तुकडा कापून चार डेसिबलने खाली केला. हे डी-एसरच्या आधी करायचं, म्हणजे त्यालाही कमी राबावं लागतं. डी-एसर मी कंप्रेसरनंतर ठेवतो, कारण कंप्रेसर स्वरांना दाबतो आणि मग आवाजाची एकूण पातळी वाढवली की ‘स’ आणखी पुढे येतो.

शेवटी डी-एसर चालू-बंद करून ‘साप’ आणि ‘चाक’ ऐकले. मग त्या बाईंना फोन केला, पुढच्या वेळी माइक तोंडासमोर न धरता जरा तिरका ठेवा म्हणून. त्या म्हणाल्या, “मग मला स्क्रिप्ट दिसत नाही हो.”