रिकामा रीडर, भरलेला रीडर आणि ‘इन्सर्ट डिस्क’

(पुण्यात फोटोग्राफर आणि संगणक दुरुस्ती करणाऱ्यांसमोर दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून)

तुमच्यापैकी बरेच जण लग्नाच्या ऑर्डरी घेणारे आहेत, काही जणांची तपकीर गल्लीत दुकानं आहेत, म्हणून सुरुवात थेट तक्रारीपासूनच करतो. कार्ड रीडर लावला की ‘This PC’ मध्ये ई ड्राइव्ह दिसतो. क्लिक केलं की खिडकी उघडते: `Please insert a disk into USB Drive (E:).` गिऱ्हाईक म्हणतं, “रीडर गेला, बदलून द्या.” आणि दुकानदार बदलून देतोही. नव्या रीडरचंही तेच होतं, कारण पहिला गेलेलाच नव्हता.

आत कार्ड नसताना हा निरोप यायलाच हवा. विंडोजचं अक्षर कार्डाला मिळालेलं नसतं, खाचेला मिळालेलं असतं. पूर्वी फ्लॉपीचा ए ड्राइव्ह होता. फ्लॉपी आत असो वा नसो, ए तिथं असायचाच, आणि रिकाम्या ए वर गेलात तर मशीन फ्लॉपी घाला म्हणायचं. यूएसबी कार्ड रीडरनं तीच पद्धत उचलली. लावल्याबरोबर तो विंडोजला दोन गोष्टी सांगतो: माझ्यातलं माध्यम काढता-घालता येतं, आणि मला इतक्या खाचा आहेत. विंडोज प्रत्येक खाचेला एकेक स्वतंत्र डिस्क मानतं आणि एकेक अक्षर देऊन मोकळं होतं. म्हणूनच चार खाचांचा जुना रीडर लावला की ई, एफ, जी, एच अशी चार अक्षरं एकदम उगवतात.

पुढे विंडोज साधारण सेकंदाला एकदा प्रत्येक खाचेला विचारत राहतं, तयार आहेस का? या आज्ञेचं नाव `TEST UNIT READY`. कार्ड नसेल तर रीडर नकार देतो आणि सोबत कारणाचा आकडा पाठवतो: `02`, म्हणजे तयार नाही, आणि `3A`, म्हणजे माध्यमच नाही. ‘इन्सर्ट डिस्क’ची खिडकी म्हणजे या `3A` चं माणसाला कळेल असं रूप. रीडर मेलेला असता तर त्याला हे उत्तरही देता आलं नसतं, आणि अक्षरही दिसलं नसतं. माझ्यासमोर रीडर आला की मी आधी एवढंच बघतो: अक्षर आहे ना? मग यूएसबी, केबल, रीडरमधली मुख्य चिप, हे सगळं निदान बोलतं तरी आहे.

आता खरा प्रश्न. कार्ड आत आहे, तरी ‘इन्सर्ट डिस्क’ येतं. इथे माणसं घाबरतात, कारण कार्डात कुणाच्या तरी लग्नाचे फोटो असतात.

एक नमुन्याचा प्रसंग घेऊ आणि पडद्यावर करून बघू. ६४ जीबीचं कार्ड, चार खाचांचा रीडर, लॅपटॉपवर विंडोज. फोटोग्राफरनं कार्ड घातलं, ई वर क्लिक केलं, निरोप आला. मी कमांड प्रॉम्प्ट अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडतो आणि दोनच ओळी लिहितो, `diskpart` आणि `list disk`. या प्रोग्रॅममध्ये `clean` नावाची आज्ञाही आहे आणि ती मागचापुढचा विचार न करता डिस्क साफ करते, म्हणून `list disk` पाहून झालं की `exit`. तिसरं काही टाइप करायचं नाही.

```
  Disk ###  Status         Size     Free
  --------  -------------  -------  -------
  Disk 0    Online          476 GB      0 B
  Disk 1    No Media           0 B      0 B
  Disk 2    Online           59 GB      0 B
  Disk 3    No Media           0 B      0 B
  Disk 4    No Media           0 B      0 B
```

शून्य क्रमांकाची डिस्क लॅपटॉपची. एक ते चार या रीडरच्या खाचा. दोन क्रमांकासमोर ५९ जीबी दिसतात, म्हणजे कार्ड व्यवस्थित ओळखलं गेलंय. (६४ चे ५९ का, हे विचारणारं गिऱ्हाईक रोज येतं. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या, इतकंच.) बिघाड काहीच नाही. ई ही या रीडरमध्ये वेगळ्या जातीच्या कार्डाची खाच होती आणि आपलं एसडी कार्ड एफ मध्ये बसलं होतं. एफ उघडा, फोटो समोर. निम्म्या तक्रारी इथेच मिटाव्यात असा माझा अंदाज आहे, पण अक्षरं चार दिसली की माणूस पहिल्यावरच क्लिक करतो.

समजा, चारही ओळींत `No Media` आलं असतं. मग रीडरला कार्ड आत आहे हेच कळलेलं नाही. याचं एक कारण फार साधं आहे आणि कुणाच्या लक्षात येत नाही. कार्डाचं काम झाल्यावर तुम्ही अक्षरावर राइट-क्लिक करून `Eject` म्हणालात, कार्ड मात्र खाचेतच ठेवलंत. थोड्या वेळानं पुन्हा उघडायला गेलात. बरेच रीडर अशा वेळी ‘माध्यम नाही’ असंच सांगत राहतात, कारण तुम्हीच ते सोडून द्यायला सांगितलंय. कार्ड बाहेर काढून पुन्हा घाला, लगेच येईल. खालच्या पट्टीतल्या ‘सेफली रिमूव्ह’च्या चिन्हावरून काढलंत तर प्रकार वेगळा: तिथे अख्खा रीडर सोडला जातो, अक्षरंच नाहीशी होतात, आणि कार्ड काढून-घालून उपयोग होत नाही. रीडरच उपटून परत लावावा लागतो.

तेही नसेल तर मग हात कार्डाकडे. मायक्रो एसडी अॅडॅप्टरमध्ये घालून वापरत असाल तर पहिला संशय अॅडॅप्टरवर घ्या. आतल्या पत्र्याच्या पट्ट्या वाकतात, आणि कार्ड चांगलं असूनही रीडरपर्यंत पोचत नाही. दुसरा अॅडॅप्टर लावून बघायला मिनिट लागत नाही. कार्डाचे सोनेरी संपर्क आयसोप्रोपिल अल्कोहोलनं, मऊ कापडानं पुसा. पेन्सिलीचा खोडरबर वापरणारे पुण्यात खूप आहेत. मी वापरत नाही, कारण त्यानं सोन्याचा पातळ थर घासला जातो. कार्डाच्या कडेची कुलपाची पट्टी मात्र इथे निर्दोष आहे. ती फक्त लिहिणं अडवते, ती खाली असली तरी फोटो दिसायलाच हवेत.

नंतर कार्ड कॅमेऱ्यात घालून बघा. कॅमेऱ्यात फोटो दिसत असतील तर दोष रीडरचा किंवा दोघांच्या वयाच्या अंतराचा. एसडीएचसी कार्डांचं मानक २००६ सालचं. त्याच्या आधीच्या रीडरला २ जीबीपेक्षा मोठं कार्ड कळतच नाही, त्याला कितीही पुसा. घरातला जुना रीडर अजून कामाला येतो म्हणून जपणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. फोटो तातडीनं हवे असतील तर कॅमेराच यूएसबी केबलनं जोडा आणि उतरवून घ्या. कॅमेऱ्यालाही कार्ड दिसत नसेल, दुसऱ्या चांगल्या रीडरलाही दिसत नसेल, तर कार्डातलं कंट्रोलर गेलेलं असण्याची शक्यता मोठी. मग घरी फोटो परत मिळवण्याची सॉफ्टवेअरं चालवून उपयोग नाही, कारण त्यांना वाचायला डिस्कच समोर येत नाही.

आणि ‘इन्सर्ट डिस्क’ची गल्लत एका दुसऱ्या निरोपाशी करू नका: `You need to format the disk in drive F: before you can use it.` यात कार्ड दिसतंय, आकार दिसतोय, फक्त त्यावरची मांडणी विंडोजला उमगत नाही. इथे फोटो बहुतेक वेळा शाबूत असतात, आणि ‘फॉरमॅट’चं बटण दाबणं हे सगळ्यांत चुकीचं पाऊल. कार्ड काढून बाजूला ठेवा, त्यावर काही लिहू नका. या अवस्थेत मात्र परत मिळवण्याची सॉफ्टवेअरं उपयोगी पडतात.

मागे बसलेल्या एका ताईंनी विचारलं, “सर, माझ्या पेन ड्राइव्हलाही हाच निरोप येतो. त्यात तर खाच नाही, मग घालू काय?”

ताई, तुमचा प्रश्न रीडरवाल्यांपेक्षा गंभीर आहे. पेन ड्राइव्हमध्ये रीडर आणि माध्यम एकाच प्लॅस्टिकच्या डबीत असतात. यूएसबीशी बोलणारी चिप एक, आणि माहिती साठवणारी फ्लॅश चिप दुसरी. पहिली जिवंत आहे म्हणून अक्षर मिळालं. पण तिला दुसरी सापडत नाही, म्हणून ती बिचारी खरं तेच सांगते: माध्यम नाही. `list disk` मध्ये तुमच्याही ओळीसमोर `No Media` आणि `0 B` दिसेल. रिकाम्या रीडरला जे उत्तर शोभतं, तेच पेन ड्राइव्हनं दिलं तर तो बिघाड आहे. दुसऱ्या पोर्टात, दुसऱ्या मशीनवर एकदा लावून बघा. तिथेही तेच आलं तर त्यावर फॉरमॅटचे प्रयोग करत बसू नका, शून्य बाइटांचं फॉरमॅट होत नाही. आतला मजकूर मोलाचा असेल तर चिप काढून वाचणाऱ्याकडे द्या, नाहीतर नवा घ्या.

आता रिकामी अक्षरं डोळ्यांसमोर नको असतील तर. विंडोज ७ पासून फोल्डर ऑप्शन्सच्या `View` मध्ये `Hide empty drives` ही खूण असते. ती असली की रिकामी खाच दिसत नाही आणि कार्ड घातलं की आपोआप उगवते. शेजाऱ्याच्या मशीनवर ई दिसतो आणि तुमच्यावर दिसत नाही, याचं कारण बहुधा ही खूणच. काही लॅपटॉपांतला अंगचा रीडर यूएसबीवर नसून वेगळ्या पद्धतीनं जोडलेला असतो. तिथे कार्ड घातल्यावरच डिस्क तयार होते, त्यामुळे रिकाम्या अक्षराचा प्रश्नच येत नाही.

काही जण डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन रिकाम्या खाचेचं अक्षरच काढून टाकतात. हे मी करू देत नाही. विंडोज ते लक्षात ठेवतं. सहा महिन्यांनी तुम्ही कार्ड घालता, आवाज येतो, `list disk` मध्ये ५९ जीबी दिसतात, पण एक्सप्लोररमध्ये काहीच नाही, आणि अक्षर आपणच काढलं होतं हे कुणालाच आठवत नाही. तसं झालंच असेल तर `diskmgmt.msc` चालवा, त्या कार्डावर राइट-क्लिक करा, `Change Drive Letter and Paths` मधून अक्षर परत द्या.

अक्षर बदलायचं एक रास्त कारण मात्र आहे. एखादा जुना प्रोग्रॅम सुरू होताना `There is no disk in the drive` म्हणून अडतो आणि `Cancel` दाबलं तरी पुन्हा पुन्हा तेच विचारतो. तो आपली फाइल ई वर शोधत असतो, कारण कधीकाळी तिथे दुसरी डिस्क होती आणि आता तिथे रीडर येऊन बसलाय. अशा वेळी रीडरच्या खाचांना एक्स, वाय अशी लांबची अक्षरं द्या. अक्षर काढायचं नाही, फक्त हलवायचं. प्रोग्रॅमला ई सापडलाच नाही तर तो सहसा मुकाट पुढे जातो. रिकामा सापडला की अडून बसतो.