सव्वाची प्लेट आणि महिन्याची लाट

मंडळी, विषय ‘फाइव्ह-थ्री-वन’ ही ताकद वाढवायची पद्धत आहे, त्याकडे येतोच. पण आधी सव्वाच्या प्लेटबद्दल बोलू द्या, नाहीतर पुढचं गणित हवेत राहील.

हात वर करा बघू, किती जणांच्या जिममध्ये सव्वा किलोच्या प्लेटांची जोडी आहे? चार. आणि मागे एक हात अर्धाच वर आलाय, म्हणजे जोडीतली एक हरवलेली दिसते. (हशा)

मी पूर्वी जायचो त्या जिममध्ये नवी ट्रेडमिल आली, ज्यूसचा काउंटर आला, भिंतीवर डरकाळी फोडणारा सिंह आला. मालकांना म्हटलं, ‘‘साहेब, सव्वाच्या दोन प्लेटा मागवा की.’’ तर म्हणाले, ‘‘सर, एवढंसं वजन लावतं कोण? पोरं हसतील!’’ शेवटी स्वतःच विकत घेतल्या आणि बॅगेत घालून न्यायला लागलो. लवकरच त्यातली एक गायब. बऱ्याच शोधानंतर सापडली ती बाथरूमच्या दाराखाली. दार वाऱ्याने आपटू नये म्हणून कोणीतरी अडकवली होती. काम चोख करत होती, नाही म्हणणार नाही.

आता हे रडगाणं कशासाठी? तर बेंच प्रेसला या पद्धतीत महिन्याला फक्त अडीच किलो वाढवायचे असतात, म्हणजे दांड्याच्या प्रत्येक बाजूला सव्वा. ती प्लेट नसली की पोरगा एकदम पाच वाढवतो. सहा महिन्यांची वाढ तीन महिन्यांत उरकतो आणि मग ‘प्रोग्रॅम बंडल आहे’ म्हणून सांगत फिरतो. (आणि हो, दांडा वीसचाच आहे ना, हे एकदा काट्यावर ठेवून बघा. पंधराचेही असतात.)

जिम वेंडलर हा अमेरिकन पॉवरलिफ्टर, हजार पौंडांचा स्क्वॉट मारलेला माणूस. 2009 साली त्याने ही पद्धत पुस्तकात मांडली, आणि त्याचा पहिला आग्रह काय, तर हलक्यापासून सुरू करा! नवशिक्याचं वजन दर खेपेला वाढतं. दोन-तीन वर्षं झालेल्याचं तसं वाढत नाही. तो दर सोमवारी नव्वदला भिडतो, एक उचलतो, दुसऱ्याला स्पॉटरच जास्त उचलतो. ताकद दाखवण्यातच त्याचा आठवडा जातो, कमवायला सेट उरत नाहीत.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. बरं, आता भरभर.

समजा तुमचा बेंच नव्वदला अडकलाय. त्याचे नव्वद टक्के, म्हणजे एक्क्याऐंशी. तो ऐंशी धरा. हा तुमचा ट्रेनिंग मॅक्स, आणि पुढची सगळी टक्केवारी याचीच, नव्वदची नव्हे. पहिल्या आठवड्यात 65, 75 आणि 85 टक्क्यांना पाच-पाच रेप्स. शेवटचा सेट साडेसदुसष्टचा. दुसऱ्या आठवड्यात 70, 80, 90 टक्क्यांना तीन-तीन, शेवटी साडेबहात्तर. तिसऱ्यात 75 ला पाच, 85 ला तीन, 95 ला एक, म्हणजे शेवटी पंचाहत्तर. चौथा आठवडा हलका, 40 ते 60 टक्के, पाच-पाच रेप्स, आणि घरी.

पुढच्या महिन्यात ट्रेनिंग मॅक्स साडेब्याऐंशी, आणि पहिल्या आठवड्याचा वरचा सेट सत्तरचा. गेल्या पंचाहत्तरपेक्षा कमी, पण गेल्या साडेसदुसष्टपेक्षा जास्त. लाट म्हणतात ती हीच. तुलना आठवड्याशी आठवड्याची करायची नाही, पहिल्याची पहिल्याशी आणि तिसऱ्याची तिसऱ्याशी करायची.

पहिले तीन आठवडे शेवटच्या सेटला ठरलेल्या रेप्सवर थांबायचं नाही. स्वच्छ जमतील तेवढ्या काढायच्या. पाठ कमानीसारखी उचलायला लागली किंवा दांडा मध्येच अडला की रॅकवर. मग वजन गुणिले रेप्स, भागिले तीस, त्यात वजन मिळवा. पंचाहत्तरला सहा निघाल्या तर अंदाजे कमाल नव्वद. पुढच्या महिन्यात साडेसत्त्याहत्तरला पुन्हा सहा निघाल्या तर त्र्याण्णव. नव्वदला हातही न लावता तुम्ही पुढे गेलात. दहाच्या वर रेप्स गेल्या तर मात्र या अंदाजावर फार विसंबू नका.

स्क्वॉट आणि डेडलिफ्टला महिन्याला पाच किलो, खांद्याच्या प्रेसला अडीच.

हे कायम चालत नाही. सातव्या महिन्यात ट्रेनिंग मॅक्स पंचाण्णवला पोचेल, आणि समजा तिसऱ्या आठवड्यात नव्वदला जेमतेम दोनच निघाल्या. हिशेब येतो शहाण्णवचा, म्हणजे कागदावरचा ट्रेनिंग मॅक्स जवळजवळ खऱ्या कमालीएवढाच झाला. नियमाने एक रेप पुरे असली तरी इथे वाढवू नका. शहाण्णवचे नव्वद टक्के काढा, पंच्याऐंशी धरा आणि तिथून पुन्हा सुरू करा. लोकांना ही माघार वाटते, पण सुरुवात ऐंशीपासून झाली होती. आणि पहिल्याच आठवड्यात पाच निघाल्या नाहीत, तर महिना संपायची वाट न बघता त्याच दिवशी आकडा खाली आणा.