काळी गाडी घेताय? आधी सांगा, पार्किंग कुठे आहे

नमस्कार मंडळी! माझा मावसभाऊ नागपूरला असतो. नोकरी बुटीबोरी एमआयडीसीत. गाडी सकाळी नऊपासून संध्याकाळी सहापर्यंत उघड्यावर, डोक्यावर साधं झाडही नाही. आणि या पठ्ठ्याला हवी होती काळी. मागच्या आठवड्यात फोनवर आमची चांगलीच जुंपली, म्हणून म्हटलं, व्हिडिओच करू.

त्याचं म्हणणं, "अरे, एसी आहे की! रंगाने काय फरक पडतो?" पडतो, पण आपल्याला वाटतो तेवढा नाही. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेने २०११ साली एका सोप्या प्रयोगाचे निकाल प्रसिद्ध केले. एकाच मॉडेलच्या दोन गाड्या, एक काळी, एक सिल्व्हर, दोन्ही उन्हात शेजारी शेजारी उभ्या केल्या. सिल्व्हरचं छप्पर काळीपेक्षा जवळजवळ २५ अंशांनी थंड निघालं. मात्र आतल्या हवेत फरक होता फक्त ५-६ अंशांचा.

असं का? कारण बरीचशी उष्णता काचेतून आत येते. काच काळ्या गाडीचीही तीच आणि पांढऱ्या गाडीचीही तीच. ऊन थेट डॅशबोर्डवर पडतं, तो तापतो आणि आतली हवा तापवतो. म्हणजे पांढरी घेतली तरी नागपूरच्या मे महिन्यात स्टिअरिंगला हात लावताना तुम्ही "आई गं" म्हणणारच. पुढच्या काचेला सनशेड लावा, सीट कव्हर फिकट घ्या. रंगाइतकंच त्याकडे बघा. पण रोज आठ-नऊ तास उन्हात उभी राहणारी गाडी असेल, तर ते ५-६ अंशही कामाचे आहेत. एसीला तेवढं कमी झगडावं लागतं. बेसमेंटमध्ये पार्किंग असेल, तर हा मुद्दा सोडून द्या.

मग भाऊ म्हणाला, "बरं, सिल्व्हर घेतो. ऊनही परतवते, धूळही दिसत नाही." इथे मी त्याला थांबवलं. ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाने २००७ मध्ये अपघातांच्या नोंदी तपासल्या. पांढऱ्या गाडीच्या तुलनेत दिवसा अपघाताचा धोका काळ्या गाडीला साधारण १२ टक्के, ग्रे गाडीला ११ टक्के आणि सिल्व्हर गाडीला १० टक्के जास्त दिसला. पहाटे आणि संध्याकाळी तर काळ्याचा आकडा ४७ टक्क्यांपर्यंत गेला. आता हा फक्त संबंध आहे. रंगामुळेच गाड्या धडकल्या, असं यातून सिद्ध होत नाही, आणि रस्तेही तिकडचे. पण जुलैच्या पावसात वर्धा रोड डोळ्यांसमोर आणा. आभाळ राखाडी, ओला रस्ता राखाडी, ट्रकने उडवलेलं पाणी राखाडी, आणि त्यात दिवे न लावलेली सिल्व्हर गाडी. आरशात ती दिसेपर्यंत शेजारी आलेली असते. दाट धुक्यात मात्र पांढरीही फारशी उठून दिसत नाही. तिथे दिवेच लावायचे.

आता मळाचं बघू. काळ्यावर धूळ दिसते, हे सगळ्यांना माहीत आहे. खरं दुखणं पुढे आहे. सोसायटीत रोज सकाळी गाडी पुसणारा दादा एकाच बादलीत, एकाच फडक्याने दहा गाड्या पुसतो. फडक्यात अडकलेले वाळूचे कण रंगावरच्या पारदर्शक थरावर, म्हणजे क्लिअर कोटवर, बारीक ओरखडे पाडतात. असे ओरखडे प्रत्येक रंगावर पडतात, पण काळ्यावर ते कोळ्याच्या जाळ्यासारखे चमकतात. जुनी काळी गाडी बघायला जाल, तेव्हा बॉनेटवर मोबाईलचा टॉर्च मारा, लगेच कळेल. बोअरच्या पाण्याचे पांढरे डागही काळ्यावरच उठतात. पांढऱ्यावर चिखल आणि डांबराचे ठिपके दिसतात, पण ओरखडे जवळजवळ लपतात.

राहिली रिसेल. पांढऱ्याला गिऱ्हाईक भरपूर. फार तर कोणी विचारेल, "टॅक्सीत होती का?" आरसी दाखवा, विषय संपला.

पण एक गोम आहे, साधा पांढरा आणि पर्ल पांढरा यांत. पर्लमध्ये खाली पांढरा बेस, त्यावर पर्लचा थर, त्यावर क्लिअर कोट. बंपर घासला आणि परत रंगवताना पर्लचा थर थोडा जाड-पातळ बसला, की तो भाग वेगळाच दिसतो. मग जुनी गाडी घेणारा म्हणतो, "ठोकलेली दिसतेय," आणि भाव पाडतो. साधा पांढरा जुळवायला त्यामानाने सोपा, आणि बऱ्याचदा पर्लला सुरुवातीलाच जास्त पैसे मोजावे लागतात.

भावाने शेवटी साधी पांढरी बुक केली. सीट कव्हर मात्र काळं निवडलंय. आज रात्री परत फोन करणार आहे.