इसार पावती, दुसरा खरेदीदार आणि जाहीर नोटीस

मंडळी, जमीन घ्यायची ठरली की सगळे सातबारा काढतात, फेरफार पाहतात. थोडे सावध असतील ते वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च घेतात. या तिन्हींत एक कागद कधीच सापडत नाही, आणि कोर्टातली भांडणं बहुतेक वेळा त्याच कागदावरून होतात. तो कागद म्हणजे इसार पावती. मालकानं आधीच कुणाकडून इसार घेतलेला असतो, पाचशेच्या स्टॅम्पवर लिहून दिलेलं असतं, फार तर नोटरीचा शिक्का असतो. ताबा न देता केलेल्या अशा साध्या विक्री कराराची नोंदणी १९०८ च्या नोंदणी कायद्यानं सक्तीची केलेली नाही. नोंदणी नाही म्हणून इंडेक्स टूमध्ये काही नाही, आणि इंडेक्समध्ये नाही म्हणून तुमच्या सर्च रिपोर्टात नाही. पण न नोंदवलेला हा कागद करारपूर्तीच्या दाव्यात पुरावा म्हणून चालतो. खरी पंचाईत इथे आहे.

एक उदाहरण धरून चालू. एक गट आहे, क्षेत्र १ हेक्टर २० आर, सातबारावर एकाच मालकाचं नाव. जानेवारीत मालकानं एका गृहस्थाशी ६० लाखांना सौदा केला आणि ५ लाख इसार घेतला. मे महिन्यात तुम्ही गेलात. तुम्ही ६६ लाख देऊ केलेत. मालकानं जानेवारीचा विषयच काढला नाही. तुमचं खरेदीखत झालं, फेरफार झाला, सातबारावर तुमचं नाव लागलं. मग दीड वर्षानं दिवाणी न्यायालयाचं समन्स आलं. पहिल्या गृहस्थानं करारपूर्तीचा दावा लावलाय आणि तुम्ही प्रतिवादी क्रमांक दोन आहात.

तुम्ही म्हणणार, मी पूर्ण पैसे मोजलेत, नोंदणीकृत खरेदीखत आहे, त्याच्याकडे नुसती पावती. पण १९६३ च्या विशिष्ट अनुतोष कायद्याचं, म्हणजे स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्टचं कलम १९ मधलं (ख) सांगतं की आधीचा करार मालकाविरुद्ध जसा अंमलात आणता येतो, तसाच मालकाकडून नंतर मिळकत घेणाऱ्याविरुद्धही आणता येतो. सुटका एकाचीच होते. ज्यानं मोबदला देऊन घेतलं, पैसे सद्भावनेनं चुकते केले आणि तेव्हा ज्याला आधीच्या कराराची माहिती नव्हती, त्याची. यालाच आपण बोनाफाईड परचेसर विदाउट नोटीस म्हणतो. यातली एक जरी गोष्ट निसटली की संरक्षण गेलं. मग न्यायालय कसा हुकूम देतं, ते सर्वोच्च न्यायालयानं १९५३ सालीच लाला दुर्गाप्रसाद विरुद्ध लाला दीपचंद या निकालात ठरवून दिलंय. पहिल्या खरेदीदाराच्या नावे खरेदीखत व्हायचं, आणि त्यावर मालकाबरोबर दुसऱ्या खरेदीदारानंही सही करायची. तुमचे ६६ लाख? ते मालकाकडून वसूल करायचे. तोवर ते त्याच्याकडे शिल्लक असतील, तर.

आता ‘मला माहीत नव्हतं’ हे कोर्ट कधी मान्य करतं? मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ च्या कलम ३ मध्ये माहिती म्हणजे काय ते सांगितलंय. प्रत्यक्ष माहिती तर झालीच. शिवाय जी चौकशी करायला हवी होती ती जाणूनबुजून टाळली, किंवा ढोबळ निष्काळजीपणा केला, आणि चौकशी केली असती तर कळलं असतं, तर ते तुम्हाला माहीत होतं असंच धरलं जातं. नोंदणीकृत दस्ताची माहिती सगळ्यांना आहे असं धरतात. आणि मिळकतीचा प्रत्यक्ष ताबा ज्याच्याकडे आहे, त्याचा जो काही हक्क असेल त्याचीही माहिती तुम्हाला आहे असं धरतात.

या ताब्याच्या मुद्द्यावर जरा थांबतो, कारण सर्वांत जास्त माणसं इथेच मार खातात. सर्वोच्च न्यायालयासमोर २००० साली आर. के. मोहम्मद उबेदुल्ला यांचं प्रकरण आलं होतं. मिळकतीत भाडेकरू होता आणि त्याच्याच नावे मालकानं विक्रीचा करार करून दिलेला होता. नंतर घेणाऱ्यांना तो भाडेकरू आहे हे ठाऊक होतं. त्यांनी गृहीत धरलं की हा नुसता भाडेकरू. तुझा आणखी काही हक्क आहे का, असं त्याला कुणी विचारलंच नाही. न्यायालयानं त्यांना प्रामाणिक खरेदीदार मानलं नाही. म्हणजे शेतात दुसऱ्याचं पीक उभं असेल, विहिरीवरची मोटर दुसऱ्याच्या नावची असेल, तर ‘तो आमचा वाटेकरी आहे हो’ या मालकाच्या उत्तरावर थांबायचं नाही. त्या माणसाला बांधावर गाठून विचारायचं, आणि जमल्यास त्याचं लिहून घ्यायचं. ही चौकशी पेपरातल्या नोटिशीनं भागत नाही.

पण आपल्या उदाहरणात ताबा मालकाकडेच आहे. पहिला गृहस्थ तालुक्याला राहतो, शेतावर त्याची काही खूण नाही. त्याच्यापर्यंत पोचायचं कसं? एकच व्यवहार्य वाट आहे, जाहीर नोटीस. तिचा मजकूर तुम्ही वाचलेला असतो. ‘तमाम लोकांस या जाहीर नोटिशीने कळविण्यात येते की, खालील वर्णनाची मिळकत तिच्या मालकांनी आमच्या अशिलास कायम खूष खरेदी देण्याचे कबूल केले आहे. सदर मिळकतीवर कोणाचाही विक्री, गहाण, दान, वारसा, पोटगी, कुळ, इसार, साठेखत वा अन्य कोणताही हक्क अगर हितसंबंध असल्यास त्यांनी १५ दिवसांचे आत लेखी पुराव्यानिशी कळवावे. अन्यथा तसा हक्क सोडून दिला आहे असे समजून व्यवहार पूर्ण केला जाईल.’ खाली गाव, गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा, मालकाचं नाव आणि वकिलाचा पत्ता.

खासगी खरेदीआधी अशी नोटीस दिलीच पाहिजे असं कुठल्या कायद्यात लिहिलेलं नाही. दिली नाही म्हणून तुम्ही आपोआप निष्काळजी ठरत नाही. पंधरा दिवस हीही वकिलांची वहिवाट आहे, कुणी सात देतात, कुणी एकवीस. मग तिचा उपयोग काय? अनेकांना वाटतं, समोरच्यानं नोटीस वाचली नसेल तर ती वाया गेली. तसं नाही. कोर्ट पाहतं ते तुमच्या मनात काय होतं आणि तुम्ही काय चौकशी केली ते. पहिला गृहस्थ पेपर वाचत नसला तरी तुम्ही उघडपणे विचारलं होतं, हा पुरावा राहतोच. ज्याला पहिला करार ठाऊक आहे आणि चोरून खरेदी उरकायची आहे, तो सहसा गावभर जाहिरात देत नाही. न्यायाधीशांना हे चांगलं कळतं.

मात्र ती खरंच गावभर गेली पाहिजे. जमीन एका जिल्ह्यात आणि नोटीस लांबच्या शहराच्या आवृत्तीत, किंवा ज्याच्या शंभर प्रती निघतात अशा साप्ताहिकात, हा प्रकार मी फायलींमध्ये पुष्कळ पाहतो. स्वस्त पडतं म्हणून करतात. उलटतपासणीत पहिला प्रश्न येतो, हा पेपर तुमच्या तालुक्यात येतो का? दुसरी गफलत वर्णनाची. एकत्रीकरणाआधीचा सर्व्हे नंबर टाकतात आणि गट नंबर राहून जातो, किंवा पोटहिस्सा चुकतो. तिसरी, ‘एका मिळकतीचे मालक’ असं मोघम लिहून मालकाचं नावच झाकतात. ज्या नोटिशीवरून हक्कदाराला आपली जमीन ओळखता येत नाही, तिचं कात्रण फाईलला लावून काय मिळणार?

आणि वेळ. नोटीस खरेदीखताच्या आधी तर हवीच, पण मोठी रक्कम देण्याच्याही आधी हवी. सगळे पैसे चुकते होण्याआधी तुम्हाला आधीचा करार कळला, तर संरक्षणाची अटच मोडते. म्हणून मी सांगतो, टोकन म्हणून एक-दोन लाख द्या, नोटीस काढा, मुदत जाऊ द्या, मग पुढे चला.

श्रोत्यांपैकी एका ताईंनी आत्ता विचारलं की हरकत आली तर काय करायचं. नेमका प्रश्न आहे. समजा आठव्या दिवशी पहिला गृहस्थ इसार पावतीची झेरॉक्स घेऊन तुमच्या वकिलाकडे आला. त्या क्षणी तुम्हाला प्रत्यक्ष माहिती झाली. आता मालक म्हणेल, ‘त्याची मुदत संपली, तो करार कधीच मोडला.’ त्याच्या तोंडी शब्दावर पुढे गेलात, तर नोटीस न देणाऱ्यापेक्षा तुमची अवस्था वाईट, कारण तुमच्याविरुद्धचा पुरावा तुम्हीच तयार केलात. करारपूर्तीच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत असते आणि ती करारात ठरलेल्या तारखेपासून, तारीख नसेल तर नकार कळल्यापासून मोजतात. तेव्हा जानेवारीची पावती मे महिन्यात मेलेली नसते. मग मार्ग दोनच. मालकानं त्याचे ५ लाख बँकेतून परत करावेत आणि त्यानं करार रद्द केल्याचा लेख सही करून द्यावा, किंवा तुमच्या खरेदीखतावर त्यानं संमती देणार म्हणून सही करावी. दोन्ही जमत नसेल तर टोकन परत मागा आणि दुसरी जमीन बघा.

एक मर्यादा स्पष्ट सांगतो, कारण नोटिशीतल्या त्या ‘हक्क सोडून दिला आहे असे समजून’ या ओळीवर लोक फार विसंबतात. ती ओळ कुणाची मालकी संपवत नाही. वडिलोपार्जित जमीन भावांनीच विकली, बहिणींच्या सह्या नाहीत. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनं मुलींना सहदायाद, म्हणजे मुलांसारखंच जन्मापासून हिस्सेदार केलं, आणि विनीता शर्मा प्रकरणात २०२० साली सर्वोच्च न्यायालयानं दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी वडील हयात असण्याची अटही काढून टाकली. बहिणीनं नोटिशीला उत्तर दिलं नाही म्हणून तिचा हिस्सा तुमचा होत नाही. तिचा हक्क कराराचा नाही, मालकीचा आहे, आणि भाऊ आपल्याकडे नसलेलं विकू शकत नाही. तिथे बहिणींची सही किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्रच लागतं. खोट्या मुखत्यारपत्रावरच्या विक्रीचंही तसंच. चालू दाव्यातल्या जमिनीला तर प्रामाणिकपणाचा बचावच नाही. मात्र महाराष्ट्रात त्यासाठी दाव्याची नोटीस निबंधकाकडे नोंदलेली असावी लागते. ती सर्चमध्ये दिसते, तेवढा आपल्याकडे फायदा.

शेवटी फाईलचं. कात्रण नको, तारीख आणि आवृत्ती दिसेल असं अख्खं पान ठेवा. जाहिरातीचं बिल, आलेल्या हरकती, त्यांची उत्तरं, आणि हरकत आली नसेल तर वकिलाचा तसा दाखला सोबत लावा. दावा झालाच तर साक्षीला स्वतः उभे राहा. तुमच्या मनात काय होतं, ते मुखत्यार सांगू शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २००४ च्या जानकी भोजवानी निकालानंतर तर अजिबात नाही. आणि पिंजऱ्यात तुम्हाला विचारतील की जमीन पाहायला किती वाजता गेला होता, शेतात कोण होतं, शेजारच्या बांधावर कुणाला विचारलंत, नोटीस कोणत्या दिवशी आली, त्या तारखेला तुम्ही मालकाला किती पैसे दिलेले होते.