ताप नव्हता, पण आजी कालच्यासारख्या नव्हत्या

आज मी एकाच आजींबद्दल बोलणार आहे. वय 84, अंगाने किरकोळ, काठी घेऊन घरभर फिरणाऱ्या. सोमवारी त्यांनी जेवण अर्धवट टाकलं आणि दिवसभर झोपून राहिल्या. मंगळवारी पहाटे बाथरूमच्या दारात पडल्या. हाड मोडलं नव्हतं, म्हणून घरचे निर्धास्त झाले. संध्याकाळी त्या सुनेला आपल्या बहिणीच्या नावाने हाक मारू लागल्या. सगळे म्हणाले, वय झालंय. रात्री बडबड वाढली, तेव्हा झोपेची गोळी दिली. बुधवारी आमच्याकडे आणलं तेव्हा न्यूमोनिया होता आणि वरचा रक्तदाब 94 वर आला होता. ताप मात्र तिन्ही दिवस 99 च्या वर गेला नव्हता.

ताप शरीर स्वतः आणतं, आणि थकलेल्या शरीराला ते दर वेळी जमत नाही. या आजींचं एरवीचं तापमान 97. म्हणजे 99 हा त्यांच्यासाठी दोन अंशांचा चढ होता, आणि एवढा चढ आम्ही तापच धरतो. रक्तदाबाचंही तसंच. एरवी 150 असणाऱ्या माणसाचा 110 झाला, तर घरी "छान आहे" म्हणतात. खरं तर तो घसरलेला असतो. नाडीही फसवते, कारण रक्तदाबाच्या काही गोळ्या ती वाढू देत नाहीत.

मग बघायचं काय? श्वास. माणूस शांत पडलेला असताना पूर्ण एक मिनिट छातीकडे बघून मोजा. 25 च्या वर गेला, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. आजींचा 30 होता. मंगळवारी कुणी मोजला असता तर, हे मला अजून टोचतं.

विसरभोळेपणा महिनोन्‌महिने हळूहळू वाढतो. एक-दोन दिवसांत आलेला, सकाळी बरा आणि संध्याकाळी वाईट असा गोंधळ निराळा. वार उलटे म्हणायला सांगा. एरवी म्हणू शकणारा माणूस मधेच हरवतो. बडबड करणारा निदान लक्षात येतो. गप्प, झोपाळू होणारा जास्त निसटतो, कारण त्याचा कुणाला त्रास नसतो.

उशिराची किंमत अशी लागते: गोंधळलेला माणूस पाणी पीत नाही, रक्तदाब उतरतो, मूत्रपिंडं थकतात. त्यात झोपेच्या गोळीने खोकण्याची ताकदही कमी होते, आणि कफ आत साचत राहतो.

एक मात्र सांगायलाच हवं. गोंधळ दिसला की लघवी तपासून, जंतू सापडले म्हणून तिथेच थांबू नका. वयस्क बायकांच्या लघवीत काही आजार नसतानाही जंतू आढळतात. जळजळ नसेल तर छाती, त्वचा, पाठीवरच्या जखमा, नव्या गोळ्या, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठता, सगळं बघावं लागतं.

आजी वाचल्या. गोंधळ ओसरायला तीन आठवडे लागले. काठी मात्र परत हातात आली नाही. आता उठवायला दोन माणसं लागतात.